दोन ओळी, दोन्हींत साडेपाचची तूट

कोकणातल्या एका किनारपट्टीच्या गावात पिण्याच्या पाण्याचे वाडीवार सर्वेक्षण झाले. त्याचा टक्केवारीचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर, काचेच्या आत लावला होता. कोणीतरी मोबाईलवर त्याचा फोटो काढून पाठवला आणि विचारले, ‘यातली बेरीज बरोबर आहे का? नसेल तर कुठे चूक आहे ते कळवा.’ या प्रकरणातले गाव आणि आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत. चुका मात्र अशा तक्त्यांत हमखास सापडणाऱ्या जातीच्याच आहेत.

फोटोवरून पहिल्या वाचनात उतरवलेला तक्ता असा. घरांचा रकाना सोडला तर सगळे आकडे टक्के आहेत, आणि प्रत्येक घराने पिण्याच्या पाण्याचा एकच मुख्य स्रोत सांगितला आहे.

| वाडी | घरे | नळ | झाकलेली विहीर | उघडी विहीर | बोअरवेल | झरा/वहाळ | इतर | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| बंदरवाडी | १४८ | ६१.५ | ८.१ | १८.२ | ९.५ | ०.० | २.७ | १००.० |
| देऊळवाडी | ११२ | ४२.० | १७.० | २७.७ | ८.० | ४.५ | ०.९ | १००.० |
| मधलीवाडी | ९६ | ३९.६ | १७.७ | २५.० | १९.५ | ४.२ | २.१ | १००.० |
| सडेवाडी | ७३ | २६.० | २.८ | २८.८ | ३०.१ | ४.१ | २.७ | १००.० |
| खारवाडी | ५४ | ४०.७ | ९.३ | २४.१ | १४.८ | ०.० | ५.६ | १००.० |
| वरचीवाडी | ६१ | ३९.३ | १३.१ | २६.२ | ११.५ | ८.२ | १.६ | १००.० |
| संपूर्ण गाव | ५४४ | ४४.३ | १२.३ | २४.३ | १३.१ | ३.१ | २.४ | १००.० |

शंभर यायलाच हवेत का?

बेरजेला हात घालण्याआधी हा प्रश्न सोडवायचा असतो, कारण टक्केवारीचा प्रत्येक तक्ता शंभरावर बंद होत नाही. २०११ च्या जनगणनेतल्या घरयादीच्या तक्त्यांतच दोन्ही प्रकार आहेत. पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत एकच सांगायचा होता, म्हणून तिथले सगळे रकाने मिळून शंभर होतात. रेडिओ, टीव्ही, मोबाईल, सायकल, स्कूटर अशा वस्तूंच्या तक्त्यात मात्र एकाच कुटुंबाकडे चार वस्तू असू शकतात. तिथे बेरीज शंभराच्या पुढे गेली तरी ती चूक नसते. शौचालयाच्या तक्त्यात आणखी एक गोम आहे. ‘आवारात शौचालय आहे’ हा मोठा रकाना आणि त्याखालचे प्रकार शेजारीशेजारी छापलेले असतात. सगळे रकाने सरसकट मिळवले की पोटप्रकार दोनदा मोजले जातात आणि बेरीज भलतीच फुगते.

आपल्या तक्त्यात स्रोत एकच आहे, पोटरकाने नाहीत आणि टक्के आडव्या ओळीत काढलेले आहेत. ओळी वाड्यांच्या असल्यामुळे उभ्या रकान्यातल्या टक्क्यांची बेरीज काहीही येईल, तिला अर्थ नाही. म्हणजे ओळींची बेरीज तपासणे इथे रास्त आहे.

छापील ‘एकूण’वर विसंबू नये

शेवटच्या रकान्यात सातही ओळींना १००.० आहे. हे पाहून निश्चिंत व्हायचे नाही, उलट थोडा संशय घ्यायचा. टक्के एका दशांशापर्यंत पूर्णांकित केले की बेरीज अनेकदा ९९.९ किंवा १००.१ येते, आणि ते स्वाभाविक आहे. हा हिशेब मॉस्टेलर, युट्झ आणि झान या संख्याशास्त्रज्ञांनी १९६७ साली मांडून दाखवला. तीन रकाने असतील तर बेरीज नेमकी शंभर येण्याची शक्यता चारात तीन, चार रकाने असतील तर तीनात दोन. रकाने वाढत जातात तशी ती घटत जाते. सहा रकान्यांना ती निम्म्याहून जराशी जास्त, साधारण ५५ टक्के उरते. म्हणून सातच्या सात ओळींना १००.० दिसले, तर तो रकाना बहुधा बेरजेने आलेला नसतो. कोणीतरी ‘एकूण म्हणजे शंभरच’ म्हणून तो टाइप करून खाली ओढलेला असतो.

मग सवलत किती द्यायची? एका आकड्याच्या पूर्णांकनात जास्तीत जास्त ०.०५ चा फरक पडतो. सहा आकड्यांचे सगळे फरक एकाच दिशेला गेले तरी एकूण ०.३० च्या पलीकडे जात नाही. तेव्हा आपल्या तक्त्यात ९९.७ ते १००.३ ही मर्यादा. या मर्यादेतली ओळ पूर्णांकनाच्या खात्यात जाते, बाहेरची ओळ तपासाला जाते. ‘एखादा टक्का इकडेतिकडे चालतो’ असे सरसकट धरणाऱ्यांचा या तक्त्यात शेवटच्या ओळीवर घात झाला असता. ते पुढे येईलच.

आता हाताने केलेली बेरीज पाहा. बंदरवाडी १००.०, देऊळवाडी १००.१, वरचीवाडी ९९.९. या तिन्ही ओळी ठीक. मधलीवाडी १०८.१. सडेवाडी ९४.५. खारवाडी ९४.५. संपूर्ण गाव ९९.५. चार ओळी मर्यादेबाहेर गेल्या, आणि त्यांतल्या दोन ओळींत तूट अगदी सारखी, साडेपाच. सारखी तूट पाहिली की दोन्हींचे कारणही एकच असावे असे वाटते. इथे तसे नव्हते.

आधी फोटो, मग छापील कागद

मर्यादेबाहेरच्या ओळीत चूक कोणाची, हे ठरवण्याचा एक क्रम आहे. पहिला संशय आपल्या वाचनावर, दुसरा फोटोवर, आणि तिसरा छापील कागदावर. उलट्या क्रमाने गेलो तर आपल्याच वाचनातली चूक कार्यालयाच्या माथी मारली जाते, आणि पुढच्या वेळी खरी चूक कळवली तरी कोणी लक्ष देत नाही.

देवनागरी अंकांत सगळ्यात दगा देणारी जोडी १ आणि ९ यांची. फोटो जरा हलला किंवा काचेवर उजेड पडला की शेपटी आणि गाठ एकमेकांत मिसळतात. त्याखालोखाल २ आणि ३. शून्य आणि दशांशचिन्ह यांचाही घोळ होतो, विशेषतः ०.९ सारख्या आकड्यात. स्कॅनिंगच्या अ‍ॅपमध्ये ‘काळा-पांढरा’ फिल्टर लावला की कागदावरचे बारीक ठिपके मळ समजून पुसले जातात. त्यांच्याबरोबर दशांशचिन्हही जाते आणि ४.५ चे ४५ होतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की तो आकसतो. त्याऐवजी डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितले की मूळ फाइल मिळते.

मधलीवाडीत बेरीज ८.१ ने जास्त आहे. एककाच्या जागी १ चा ९ वाचला तर नेमका ८.० चा फरक पडतो, आणि उरलेला ०.१ पूर्णांकनात बसतो. म्हणून त्या ओळीत एककाच्या जागी ९ कुठे आहे ते पाहायचे. असे दोन आकडे आहेत, नळाचा ३९.६ आणि बोअरवेलचा १९.५. फोटो मोठा करून पाहिल्यावर नळाचा ९ शेजारच्या ओळींतल्या ९ सारखाच, भरीव गाठीचा दिसला. बोअरवेलच्या १९ मधल्या ९ वर मात्र ट्यूबलाइटची पांढरी तिरीप आडवी गेली होती, आणि जी गाठ वाटत होती ती त्या तिरिपेची कड होती. दुसरा फोटो मागवला. खिडकीच्या बाजूने, फ्लॅश बंद, मोबाईल तक्त्याला समांतर धरून. त्यात स्वच्छ ११.५ आला. बेरीज १००.१ झाली. ही चूक आपली, म्हणून ती कार्यालयाकडच्या अहवालात जात नाही.

वाचून दाखवणारा एक आणि टाइप करणारा दुसरा असेल, तर आकडे मराठी नावांनी वाचू नयेत. एकोणसाठ, एकोणसत्तर, अडुसष्ट, अठ्ठेचाळीस यांत कान हमखास फसतो. ‘एक, एक, टिंब, पाच’ असे सुटे अंक म्हणावेत. आणि पहिले वाचन ओळीने झाले असेल तर दुसरे रकान्याने करावे. ओळीने वाचताना डोळा शेजारच्या ओळीवर घसरतो, तीच घसरण दुसऱ्यांदा तशीच होत नाही.

दुसऱ्या फोटोत सडेवाडी आणि खारवाडीचे आकडे पहिल्यासारखेच होते. आता संशय कागदावर.

नऊचा नियम इथे लागू पडत नाही

जमाखर्च लिहिणाऱ्यांना एक नियम तोंडपाठ असतो. फरकाला नवाने भाग गेला तर कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी. रोकडवहीत हा नियम उपयोगी आहे, कारण तिथे बेरीज पैशापर्यंत नेमकी असते. टक्केवारीच्या तक्त्यात पूर्णांकनामुळे खरा फरक आपल्याला नेमका कळतच नाही. तूट ५.५ दिसते, पण त्यात ०.३ इकडे किंवा तिकडे धरायला हवेत, म्हणजे खरा फरक ५.२ ते ५.८ मध्ये कुठेही असू शकतो. दशांशात मोजले तर ५२ ते ५८ असे सात आकडे झाले. ओळीने कोणतेही सात आकडे घ्या, त्यांत नवाच्या पाढ्यातला आकडा असण्याची शक्यता नवात सात. इथे ५४ आहेच. पण तो सडेवाडीसाठी जसा आहे तसाच खारवाडीसाठीही आहे. दोन्ही ओळी ‘अदलाबदल’ म्हणून पास होतात. जी कसोटी जवळपास प्रत्येकाला होकार देते, तिचा तपासाला उपयोग काय?

घरांचा आकडा साक्ष देतो

या तक्त्यात सगळ्यांत मोलाचा रकाना टक्क्यांचा नाही, ‘घरे’ हा आहे. टक्के म्हणजे घरांच्या पूर्ण संख्येला एकूण घरांनी भागून आलेला आकडा. घर अर्धे नसते. त्यामुळे ७३ घरांच्या वाडीत फक्त ठरावीक टक्केच येऊ शकतात. एक घर १.४ टक्के, दोन घरे २.७, तीन घरे ४.१, चार घरे ५.५. मधले आकडे येऊच शकत नाहीत.

सडेवाडीची ओळ या चाळणीतून काढू. नळ २६.० म्हणजे १९ घरे, जमते. उघडी विहीर २८.८ म्हणजे २१ घरे, जमते. बोअरवेल ३०.१ म्हणजे २२, झरा ४.१ म्हणजे ३, इतर २.७ म्हणजे २. सगळे जमतात. झाकलेली विहीर २.८. दोन घरांचे टक्के २.७ होतात (२.७४), तीन घरांचे ४.१. ७३ घरांत २.८ टक्के बसवायला जागाच नाही. त्याच ओळीत ‘इतर’ दोन घरांना २.७ दाखवतो आहे, हा पुरावा तर कागदावरच आहे. म्हणजे चूक याच चौकटीत.

आता खरा आकडा. बाकीची पाच खाती मिळून १९ + २१ + २२ + ३ + २ = ६७ घरे. ७३ मधून ६७ गेली, उरली ६. सहा घरांचे टक्के ८.२. छापले गेले २.८. अंकांची अदलाबदलच झाली होती, पण ते नवाच्या नियमाने नाही, घरांच्या संख्येने सिद्ध झाले.

दुसरी साक्ष शेवटच्या ओळीत आहे. गावाचा टक्का म्हणजे वाड्यांच्या टक्क्यांची साधी सरासरी नव्हे. प्रत्येक वाडीचा टक्का तिच्या घरांनी गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि ५४४ ने भागायचे. झाकलेल्या विहिरीच्या रकान्यात सडेवाडीला २.८ ठेवले तर गावाचा आकडा ११.६ येतो. ८.२ ठेवले तर १२.३ येतो. छापलेला आहे १२.३. म्हणजे ज्याने गावाची ओळ काढली त्याच्यापुढे सडेवाडीचा बरोबर आकडा होता. सर्वेक्षण आणि गणित ठीक आहे, फलकासाठी तक्ता पुन्हा टाइप करताना बोट घसरले. अहवालात ही गोष्ट लिहिण्याजोगी असते, कारण मग कार्यालयाला घरोघरचे फॉर्म काढून बसावे लागत नाही. एक चौकट दुरुस्त केली की झाले.

जाता जाता, साधी सरासरी काढली आहे का हेही याच वेळी पाहून घ्यावे. नळाच्या सहा टक्क्यांची साधी सरासरी ४१.५ येते. छापलेला ४४.३ आहे, म्हणजे भारित सरासरी काढली आहे आणि पद्धत बरोबर आहे. बंदरवाडी मोठी आणि नळवाली, म्हणून गावाचा आकडा वर ओढला गेला.

खारवाडीत चूक कुठल्याच चौकटीत नाही

तीच चाळणी खारवाडीला लावली. घरे ५४. ४०.७ म्हणजे २२, ९.३ म्हणजे ५, २४.१ म्हणजे १३, १४.८ म्हणजे ८, ०.० म्हणजे शून्य, ५.६ म्हणजे ३. सहाही आकडे पूर्ण घरांवर बसतात. त्यांची बेरीज मात्र ५१. तीन घरे गायब आहेत.

इथे बघणाऱ्याचे लक्ष त्या ०.० कडे जाते. ‘झऱ्याचे ५.६ असतील, टाइप करताना राहिले असतील,’ असा तर्क सोपा आहे आणि आकड्यातही चपखल बसतो, कारण तीन घरांचे टक्के ५.६ च होतात. पण गावाच्या ओळीला विचारल्याशिवाय हा तर्क मानायचा नाही. खारवाडीत झऱ्याची तीन घरे असती तर गावात झऱ्याची २० घरे झाली असती, म्हणजे ३.७ टक्के. छापलेले आहेत ३.१, म्हणजे १७ घरे. तेव्हा ०.० बरोबरच आहे. अशीच बाकीच्या पाच रकान्यांची पडताळणी केली, तर तिथेही तीन घरे वाढवायला जागा नाही.

आणि आता संपूर्ण गावाची ओळ. तिथे बेरीज ९९.५ आहे. अर्धा टक्का कमी, कोणीही सोडून देईल असा. पण सहा रकान्यांना मर्यादा ०.३ ची आहे, ०.५ ची नाही. घरांत मोजले तर २४१ + ६७ + १३२ + ७१ + १७ + १३ = ५४१. पाहिजेत ५४४. तीच तीन घरे इथेही नाहीत. खारवाडीतली मोठी तूट आणि गावातली छोटी तूट ही एकच आहे. भाजक मोठा झाला म्हणून ती बारीक दिसते.

तीन घरे भाजकात आहेत आणि कुठल्याच उत्तरात नाहीत, याचा अर्थ एक रकाना छापलाच गेला नाही. उत्तर नाही, लागू नाही, किंवा घर बंद. कोकणात शेवटची शक्यता पहिली धरावी. फॉर्म भरणाऱ्या सेविकाताईंना फोनवर विचारले तर उत्तर तयार होते, ‘ती तीन घरं बंदच असतात ओ, माणसं मुंबईला. गणपतीत उघडतात.’ घरपट्टीच्या यादीवरून घरे मोजली ती ५४, आणि दारात जाऊन विचारता आले ती ५१. जनगणनेत बंद घर आणि राहते कुटुंब यांची मोजणी वेगळी ठेवतात ती याचसाठी. गावपातळीच्या तक्त्यांत मात्र भाजक घरांचा आणि उत्तरे कुटुंबांची, अशी सरमिसळ वारंवार होते.

मग दुरुस्ती काय? दोन मार्ग आहेत आणि निवड तपासणाऱ्याने करायची नाही. एक, ‘बंद घरे’ असा रकाना वाढवून खारवाडीला ५.६ आणि गावाला ०.६ लिहायचे. मग बेरीज दोन्हीकडे १००.१ होते. दुसरा, भाजक ५१ आणि ५४१ करून दोन्ही ओळींचे सगळे टक्के नव्याने काढायचे. तेव्हा खारवाडीचा नळ ४०.७ वरून ४३.१ वर जातो आणि गावाचा ४४.३ वरून ४४.५ वर. पाणीयोजनेच्या अर्जात कुठला आकडा जातो, त्यावर हा फरक किरकोळ की महत्त्वाचा ते ठरते. तिसरा एक मार्ग लोक वापरतात, तो म्हणजे तूट ‘इतर’ मध्ये घालून ओळ शंभर करणे. त्याने खारवाडीत टँकर किंवा दुसऱ्याच्या पाण्यावर जगणारी घरे कागदावर दुप्पट होतात. बेरीज जुळते आणि तक्ता खोटा होतो.

स्प्रेडशीटमध्ये

सात ओळी हाताने तपासता येतात, तालुक्यातल्या सगळ्या गावांचा तक्ता असेल तर येत नाहीत. वाडी A रकान्यात, घरे B मध्ये, सहा स्रोत C ते H मध्ये आणि छापील एकूण I मध्ये, दुसऱ्या ओळीपासून सुरुवात, असे धरले तर तीन सूत्रे पुरतात. पहिले ओळीची बेरीज, दुसरे एका चौकटीची घरांशी पडताळणी, तिसरे गावाचा भारित टक्का.

```
=ROUND(SUM(C2:H2),1)
=ROUND(ROUND(D5*$B5/100,0)/$B5*100,1)=D5
=ROUND(SUMPRODUCT($B$2:$B$7,D2:D7)/SUM($B$2:$B$7),1)
```

दुसरे सूत्र सडेवाडीच्या झाकलेल्या विहिरीवर FALSE देते, बाकी पाच चौकटींवर TRUE. पहिल्या सूत्रात ROUND गाळू नये. संगणक दशांश अपूर्णांक नेमके साठवत नाही, आणि मर्यादेच्या काठावरची ओळ उगाच चुकीची ठरते. तिसऱ्याच्या उत्तरात ०.१ चा फरक चालतो, कारण ते आधीच पूर्णांकित झालेल्या टक्क्यांवरून काढलेले असते. आणि आकडे इंग्रजी अंकांत टाइप करावेत. देवनागरी अंक चिकटवले तर बऱ्याचदा ते मजकूर म्हणून बसतात आणि SUM निमूटपणे शून्य दाखवतो.

घरांच्या चाळणीला एक हद्द आहे. एका दशांशाचे टक्के असतील तर ती हजारापेक्षा कमी घरांवरच चालते. हजाराच्या पुढे एक घर ०.१ टक्क्यापेक्षाही लहान होते, आणि मग कुठलाही आकडा शक्य ठरतो. वाडी आणि लहान गाव यांना ती उत्तम, तालुक्याला निरुपयोगी. दोन दशांश छापलेले असतील तर हद्द दहा हजारांपर्यंत वाढते. आणि ओळीच्या बेरजेचीही एक आंधळी बाजू आहे. देऊळवाडीच्या झाकलेल्या आणि उघड्या विहिरीचे १७.० आणि २७.७ एकमेकांच्या जागी छापले गेले असते, तर बेरीज १००.१ च राहिली असती आणि घरांची चाळणीही दोन्हींना पास करून गेली असती. तशी चूक फक्त गावाच्या ओळीशी केलेली रकान्याची पडताळणी पकडते. म्हणून बेरीज जुळलेल्या ओळींनाही ती लावायची.

अहवाल

कार्यालयाला पाठवलेला मजकूर एवढाच होता.

> मा. सरपंच व ग्रामपंचायत कार्यालय यांस,
>
> फलकावरील ‘पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत, वाडीवार’ हा तक्ता फोटोवरून तपासला. सहा रकान्यांसाठी ९९.७ ते १००.३ ही बेरीज पूर्णांकनामुळे ग्राह्य धरली आहे. बंदरवाडी, देऊळवाडी, मधलीवाडी व वरचीवाडी या ओळी बरोबर आहेत.
>
> १) सडेवाडी: छापील एकूण १००.०, प्रत्यक्ष बेरीज ९४.५. झाकलेली विहीर या चौकटीत २.८ छापले आहे. ७३ घरांत २.८ टक्के येऊ शकत नाहीत. उरलेल्या घरांवरून व गावाच्या १२.३ या आकड्यावरून ते ८.२ (६ घरे) असावेत. कृपया मूळ कागदाशी ताडून पाहावे.
>
> २) खारवाडी: छापील एकूण १००.०, प्रत्यक्ष बेरीज ९४.५. सर्व चौकटी बरोबर दिसतात, मात्र ५४ पैकी ५१ घरांचीच नोंद आहे. बंद असलेली ३ घरे एकूण घरांत धरली असावीत.
>
> ३) संपूर्ण गाव: छापील एकूण १००.०, प्रत्यक्ष बेरीज ९९.५. कारण क्र. २ मधलेच. वेगळी दुरुस्ती नको.
>
> आम्ही तक्त्यात कोणताही बदल केलेला नाही. फोटो सोबत जोडला आहे.

यात प्रत्येक ओळीला छापील आकडा आणि प्रत्यक्ष बेरीज दोन्ही आहेत, ‘असावेत’ आणि ‘आहेत’ यांतला फरक सांभाळला आहे, आणि बरोबर निघालेल्या ओळींची नावेही दिली आहेत. ती दिली नाहीत तर वाचणाऱ्याला कळत नाही की त्या तपासल्या आणि ठीक निघाल्या, की तपासल्याच नाहीत. मधलीवाडीच्या १९.५ ची गोष्ट इथे नाही, ती आपल्या वहीत.

फलकावर नवा तक्ता लागला तेव्हा सडेवाडीत ८.२ आले आणि ‘बंद घरे’ हा सातवा रकाना वाढला. सात रकान्यांची मर्यादा ९९.७ ते १००.३ हीच राहते, कारण ०.३५ चा फरक दशांशात ०.३ च्या पुढे दिसत नाही. ‘एकूण’ रकान्यात आता १००.०, १००.१, १००.१, ९९.९, १००.१, ९९.९, १००.१ असे आकडे आहेत आणि तक्त्याखाली एक ओळ: ‘पूर्णांकनामुळे बेरीज नेमकी १०० येईलच असे नाही.’